उतरलेल्या गालावरचा उजेड

आमच्या स्टुडिओत तिला सगळे दिवेवाली म्हणत. तोंडावर मात्र ताई. स्टुडिओ म्हणजे लाँड्रीच्या वरचा मजला. खालून इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास जिन्याने वर यायचा, आणि वर आम्ही खिडक्यांना काळा कागद चिकटवून, पडद्यांसमोर घुबडासारखे बसलेले. संगणकात त्रिमितीय माणसं घडवायची, त्यांना हलवायचं, बोलवायचं आणि त्यांच्या फिल्म करायच्या, हे आमचं काम. मी त्या माणसांना हालचाल द्यायचो, म्हणून ताईने माझं नाव हलव्या ठेवलं होतं. आणि ती त्यांच्यावर उजेड पाडायची.

हे काम बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. संगणकातल्या त्या जगात सूर्य आपोआप उगवत नाही. खोली उभी केली, खुर्ची ठेवली, माणूस बसवला, तरी दिवा ठेवेपर्यंत सगळं काळंकुट्ट. आणि दिवा ठेवला, पण कसाही ठेवला, तर माणूस कागदातून कापून भिंतीवर डकवल्यासारखा दिसतो. ताईचे तीन दिवे ठरलेले होते. पहिला मुख्य, समोरून पण एका बाजूला आणि डोक्याच्या थोडा वर. त्याने नाक, गाल, कपाळ यांना आकार येतो. दुसरा पलीकडच्या बाजूने, मंद. पहिल्याने पाडलेल्या सावल्या तो पुसत नाही, फक्त मवाळ करतो. तिसरा मागून, वरून. केसांवर आणि खांद्यावर तो एक बारीक उजळ कड काढतो आणि माणसाला पाठीमागच्या अंधारातून सोडवून पुढे आणतो. धंद्यात त्यांना की, फिल आणि रिम म्हणतात. ताई त्यांना थोरला, भरणी आणि पाठराखण म्हणायची. नवीन आलेल्याला आधी वाटायचं, ही घरातल्या माणसांबद्दल बोलतेय.

पन्नाशीच्या अलीकडची, किरकोळ अंगाची, चष्मा नेहमी कपाळावर. बोलणं कमी, पण बोलली की टोला बरोबर बसायचा. लग्न केलं नव्हतं. घरी ती आणि तिची आई. आई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. आयुष्यभर न दिसणाऱ्या माणसांशी गोड बोलत आली, असं ताई कौतुकाने सांगायची. आदल्या वर्षी आईच्या चेहऱ्याची नस आखडली आणि डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले होते, बहुतेकांचं भरून येतं. आईचं अर्धंच आलं. डावा गाल उतरलेला राहिला, ओठाचा कोपरा खाली ओढल्यासारखा, डावा डोळा नीट मिटायचा नाही आणि सारखा पाणवायचा. हे एवढं आम्हाला माहीत होतं. ताईने त्याहून जास्त काही सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही खोदून विचारलं नव्हतं.

आणि नेमकी तशाच चेहऱ्याची फिल्म आमच्याकडे आली. आमचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणायचो, त्यांनी गोष्ट लिहिली होती. रेडिओवर बोलणारी एक म्हातारी निवेदिका. तिचा चेहरा असाच अर्धा लुळा पडतो, ती घरी बसते, आणि शेवटी एक दिवस पुन्हा माईकसमोर येते. मास्तरांनी ही गोष्ट ताईच्या आईवरून घेतली नव्हती. त्यांच्या मामींवरून घेतली होती. पण ताईने पटकथा वाचली, चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचली, आणि कामाला लागली.

शेवटचा प्रसंग सगळ्यात अवघड होता. ध्वनिमुद्रणाची छोटी खोली, भिंतींना गडद करडा फोम, म्हातारीच्या अंगावर तशीच गडद शाल. सुरुवातीला ती तिच्या उजवीकडे काचेतून बाहेर बघते, मग मान वळवून माईककडे बघते आणि बोलते. ताईने पहिला नमुना काढला तेव्हा नुसता एकच दिवा होता. म्हातारीची शाल भिंतीत विरून गेली होती आणि चेहरा अधांतरी लटकत होता.

मास्तर मागे उभे होते. म्हणाले, "ताई, थोरला दिवा तिच्या उजवीकडून टाका. चांगली बाजू दिसू दे. डावी बाजू अंधारात गेली तरी चालेल. किंबहुना जाऊच दे."

"भरणी?"

"नको. बघवणार नाही हो लोकांना."

ताईने तसं केलं. उजव्या बाजूला उजेड, डावी बाजू काळी. डाव्या खांद्यामागून पाठराखण टाकली, तशी अंधारातल्या गालाला एक चंदेरी रेघ आली. चित्र म्हणून ते देखणं होतं, कुणी नाही म्हणणार नाही. मास्तर खूश झाले. मीही म्हणालो, "वा!" ताई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने एकेक दिवा बंद केला, एकेक पुन्हा लावला. ती नेहमीच तसं करायची, कुठला दिवा काय करतोय ते वेगवेगळं बघायची. पण त्या दिवशी तिचा हात थांबत नव्हता.

"काय झालं ताई?"

"ही म्हातारी आमच्या घरात बसलेली असते रे," ती म्हणाली. "दाराकडे उजवी बाजू करून. कुणी आलं की अर्धाच चेहरा दाखवते."

मग हळूहळू तिने सांगितलं. आईने खुर्ची अशी लावून घेतली होती, की येणाऱ्याला फक्त उजवा गाल दिसावा. बाहेर जाणं बंद. आरशावर टॉवेल. ताई संध्याकाळी घरी गेली की आई मान न वळवता बोलायची. "मी मुलगी आहे तिची. माझ्यासमोरसुद्धा." एवढं म्हणून ती उठली आणि पाणी प्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना विचारलं, "मला दुसऱ्या बाजूने करून बघू द्याल? उतरलेल्या गालावर उजेड नेमका कसा वागतो, ते मला बघून यावं लागेल."

"कुठे बघणार?"

"घरी."

मास्तर म्हणाले, "आईंना चालणार असेल तर बघा. त्यांना नाही चाललं तर आपलं हेच ठेवू."

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेलो. एक तर दिवे उचलायला माणूस हवा होता, आणि मलाही त्या ओठांची हालचाल जवळून बघायची होती. जिने चढताना ताई म्हणाली, "तिला कीव आवडत नाही. जास्त गोड बोलू नकोस."

ताईच्या आईला मी काकू म्हणायचो. त्या खिडकीपाशी, तशाच, उजवी बाजू दाराकडे करून बसल्या होत्या. पांढरेशुभ्र केस नीट विंचरलेले. मला म्हणाल्या, "तूच का तो हलव्या? बस. मी हलणार नाही, तेवढं सोडून काय हवं ते सांग." माझं हसू फुटलं, तशा त्याही एका बाजूने हसल्या.

ताईने काही आडपडदा ठेवला नाही. "आई, कामासाठी तुझा चेहरा हवाय. पूर्ण."

"दुसरी कुणी मिळाली नाही का?"

"नाही मिळाली."

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "कामासाठी असेल तर बसते. पण आवडलं नाही तर थांबवायचं. लगेच."

पडदे ओढले. ताईने टेबलावरचा दिवा काकूंच्या उजवीकडे ठेवला, मास्तरांनी सांगितलेला तसा. डावी बाजू अंधारात बुडाली. तिने फोनवर फोटो काढून आईला दाखवला. काकू म्हणाल्या, "अर्धी कुठे गेली?" मग ताईने तोच दिवा डावीकडे नेला. उघडा बल्ब, लहान आणि कडक. एकेक सुरकुती चाकूने कोरल्यासारखी उठली. ओठाच्या कोपऱ्याखाली काळा खड्डा पडला आणि खाली आलेल्या भुवईच्या सावलीत डोळा दिसेनासा झाला. काकूंनी फोटो बघितला आणि फोन उलटा ठेवला.

"बंद कर."

ताईने लगेच दिवा बंद केला. मला वाटलं, संपलं. पण ताई आईच्या पायाशी खाली बसली आणि म्हणाली, "तो दिवा वाईट होता आई. तू नाहीस. दिवा लहान असला की तो टोचतो. मला अजून एकदा करू दे."

"एकदाच."

तिने कपाटातून पांढरी चादर काढली. मी दोन खुर्च्यांच्या पाठींवर ती ताणून धरली, अगदी काकूंच्या डाव्या बाजूला लागून, आणि ताईने दिवा चादरीमागे ठेवला. आता त्या बल्बऐवजी अख्खी चादरच दिव्यासारखी उजळली. तिने दिवा थोडा खाली घेतला, भुवईखाली उजेड शिरेल इतका. उजवीकडे पांढरा पुठ्ठा उभा केला. चादरीतून आलेला उजेड त्यावर आपटून उजव्या गालावर हलकेच परत आला, तीच भरणी. शेवटी कपाटावर, मागे उजवीकडे, एक दिवा चढवला. काकूंच्या पांढऱ्या केसांनी पेट घेतल्यासारखी कड धरली. पण तो दिवा भिंतीवरही पडला आणि भिंत भगभगली.

"हे बघ, इथेच घोळ होतो," ताई मला म्हणाली. "संगणकात मी या दिव्याला सांगते, तू फक्त हिच्यावर पड, भिंतीवर नको. इथे कसं सांगणार?"

काकू म्हणाल्या, "तुझ्या त्या संगणकात असं सांगता येतं? तू यात पडू नकोस म्हणून? मग तुझ्या काकाला तिकडेच पाठव."

आम्ही तिघंही हसलो. ताईचे काका यांच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीत पडायचे, हे मला नंतर कळलं. ताईने पुठ्ठ्याचा एक तुकडा दिव्याला आडवा लावून भिंतीवरचा उजेड अडवला आणि हसण्याच्या नादातच फोटो काढला.

काकूंनी फोन हातात घेतला. बघत राहिल्या. गाल उतरलेलाच होता. ओठ वाकडाच होता. पण त्या गालाला आता गोलाई होती, उजेडाकडून सावलीकडे हळूहळू जाणारी, आणि पाणावलेल्या डाव्या डोळ्यात चादरीचं एक लांबट पांढरं प्रतिबिंब पडलं होतं. ओल्या डोळ्यात ते उजव्यापेक्षाही जास्त चमकत होतं.

"हा डोळा मी गेलाच समजत होते," काकू म्हणाल्या. "हा तर बघतोय."

ताईने पुठ्ठा जरा सरकवला, तसा पलीकडच्या गालावरचा उजेडही हलला. काकूंनी मान पूर्ण वळवली आणि मुलीकडे सरळ, समोरून बघितलं. "तुझे डोळे किती खोल गेलेत गं," त्या म्हणाल्या. "झोपत नाहीस का?" इतके दिवस मान वळवली नाही, म्हणजे त्यांनीही मुलीला नीट पाहिलंच नव्हतं. मी चादर घडी करायच्या निमित्ताने दुसऱ्या खोलीत गेलो. नीट घडी घालायला मला फार वेळ लागला.

सोमवारी ताईने सगळे दिवे काढून टाकले आणि नव्याने सुरुवात केली. थोरला म्हातारीच्या डावीकडे, मोठा आणि जवळ. मास्तर आले, बघितलं आणि खुर्ची ओढून बसले. त्यांचा चेहरा बघून मला काही अंदाज येईना.

"मी तिची इज्जत राखत होतो," ते शेवटी म्हणाले. "माझ्या मामी असं कुणाला दिसू द्यायच्या नाहीत."

"तुम्ही चांगल्या मनानेच केलं होतं," ताई म्हणाली. "माझी आईही स्वतःचं तेच करत होती."

मास्तर म्हणाले, "मामींना कुणी असं बघितलंच नाही शेवटपर्यंत." मग घसा खाकरून, "पण ताई, डोक्यामागे हे तेजोवलय कशाला? म्हातारी आहे, देवी नव्हे."

खरंच पाठराखण जास्त झाली होती. ताईने ती उतरवली. मग दुसरी भानगड. सुरुवातीला म्हातारी उजवीकडे बघत असते, आणि पाठराखण मागे उजवीकडेच. त्यामुळे तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक पांढरा ठिपका चमकायचा, सर्दी झाल्यासारखा. ताई मला म्हणाली, "हलव्या, मान जरा कमी वळव." मी म्हणालो, "तुझा दिवा हलव." अर्धा दिवस आमचं भांडण चाललं. शेवटी तिने दिवा आणखी मागे आणि वर नेला, ठिपका गेला, आणि मी जिंकल्याच्या थाटात चहा मागवला. शाल आणि भिंत आता वेगळी दिसत होती. म्हातारी खोलीत बसली होती, भिंतीला चिकटली नव्हती.

झालं असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात ताईने विचारलं, "आईला दाखवायला आणू का?"

काकू आल्या. किती दिवसांनी त्या घराबाहेर पडल्या होत्या, ते आम्ही कुणी बोललो नाही. जिना चढताना लाँड्रीवाल्याने त्यांना नमस्कार केला, त्यांनीही केला. आम्ही त्यांना सगळ्यात मोठ्या पडद्यासमोर बसवलं आणि प्रसंग लावला. म्हातारी मान वळवते, माईककडे बघते, बोलते. काकूंनी दोनदा बघितला.

"चेहरा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बोलणं चूक आहे."

माझा चेहरा पडला. ते माझं काम होतं.

"अरे, रागावू नकोस. 'म' म्हणताना ओठ मिटावे लागतात. माझे मिटत नाहीत. 'प', 'ब', सगळीकडे हवा सुटते. मग मी असं करते." त्यांनी डाव्या हाताचं बोट ओठाच्या उतरलेल्या कोपऱ्याला लावून तो हलकेच वर ढकलला आणि स्वच्छ म्हणाल्या, "नमस्कार, मंडळी."

हे त्या आमच्यासमोर, अनोळखी माणसांसमोर करत होत्या. एक्स्चेंजमधला तो आवाज, जो कुणाला कधी दिसला नव्हता, आता बोटासकट दिसत होता. मास्तर म्हणाले, "हलव्या, हेच हवं."

मी हालचाल पुन्हा केली. म्हातारी बोट ओठाला लावते आणि मग बोलते. पण बोट आलं तशी बोटाची सावली आली. थोरला दिवा डावीकडून, हातही डावीकडूनच. सावली नेमकी ओठांवर पडून अख्खं तोंड झाकलं गेलं. मी सुचवलं, "हाताची सावली बंदच करून टाक ना. तुला तर करता येतं."

तिने करून दाखवलं. सावली गेली, आणि बोट चेहऱ्यापासून सुटून हवेत तरंगायला लागलं. ते गालाला टेकलंय असं वाटेचना.

"बघितलंस?" ती म्हणाली. "स्पर्श सावलीनेच कळतो."

तिने सावली परत आणली. मग दिवा थोडा समोरच्या बाजूला सरकवला, आणखी मोठा केला, हळूहळू, जरा जरा करत. सावली आखूड झाली, मऊ झाली आणि बोटाच्या टोकाखाली, जिथे ते त्वचेला टेकत होतं तिथेच, एका बारीक काळसर रेषेत राहिली. ओठ मोकळे दिसले. बोट टेकलेलं दिसलं. म्हातारी बोलली. मास्तर उठून उभे राहिले आणि ताईच्या खुर्चीच्या पाठीवर थोपटून निघून गेले.

फिल्म एका छोट्या सभागृहात दाखवली. काकू पुढच्या ओळीत बसल्या होत्या, ताई त्यांच्या शेजारी. संपल्यावर एक बाई काकूंकडे आल्या, त्या बाईंच्या नवऱ्याचाही चेहरा तसाच झाला होता. दोघी बराच वेळ बोलत उभ्या होत्या, पार सभागृहाचे दिवे मालवेपर्यंत. ताई लांब थांबली होती. मी विचारलं, "जाऊन घेऊन येऊ का त्यांना?" ती म्हणाली, "राहू दे. तिला बोलायला आवडतं."

सध्या आमच्याकडे एका बेडकाची फिल्म चालू आहे. बेडूक ओला, त्यामुळे प्रत्येक दिवा त्याच्या पाठीवर चकाकतो आणि ताई वैतागते. काकूंना आता चटक लागली आहे. दुपारचा डबा घेऊन त्या स्वतःच येतात, ताईच्या मागे स्टुलावर बसतात आणि सूचना करतात. काल म्हणाल्या, "मागचा दिवा जास्त झालाय गं. बेडूक आहे तो, नवरदेव नव्हे." ताईने चष्मा कपाळावर सारला, आईकडे वळून बघितलं, आणि दिवा थोडा कमी केला.